कालपर्यंत शेजारच्या मशीनवर, आजपासून सुपरवायझर: पहिल्या दिवशी लाईनसमोर काय बोलायचं?

मी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये नऊ वर्षं सीएनसी लेथ चालवला आणि मग त्याच लाईनचा सुपरवायझर झालो. तेव्हापासून बढती मिळालेली ओळखीची, ओळखीच्यांच्या ओळखीची मुलं फोन करतात. फोन बहुतेक आदल्या रात्री दहाला येतो आणि प्रश्न तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं सगळी शॉप फ्लोअरची आहेत, कारण मला तेवढंच माहीत आहे.

1. सगळे मला आठ-नऊ वर्षं ओळखतात. मग ओळख कसली करून द्यायची?

नाव-गाव सांगायचं नाही, ते केलंत तर हसतील. पण तुमची बढती कळल्यापासून प्रत्येकाच्या डोक्यात तीन गोष्टी घोळत असतात. रजा आता याच्याकडे मागायची का? आजवर चालत आलेलं ‘जमवून घेणं’ पुढे चालेल का? आणि आपण चहाला उभे राहून मॅनेजरबद्दल जे बोललो, ते हा वर सांगेल का?

तुम्ही काही बोलला नाहीत तर या तिन्हींची उत्तरं ते आपसात ठरवतात आणि तिसऱ्याचं उत्तर कधीच तुमच्या बाजूने लागत नाही. पहिल्या दिवशी बोलायचं ते यासाठी. माणूस तोच आहे, पण काय बदललं आणि काय बदललं नाही, हे तुमच्या तोंडून सगळ्यांनी एकाच वेळी ऐकलेलं बरं.

2. कधी, कुठे आणि किती वेळ बोलू?

पाळीच्या सुरुवातीला, मशीन चालू व्हायच्या आधी, लाईनच्या बोर्डजवळ, सगळ्यांनी उभ्यानेच. पाच मिनिटांच्या वर जाऊ नका. सातची पाळी असेल तर पावणेसातला तिथे उभे असा आणि येईल त्याच्याशी नेहमीसारखं बोला. कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलंत तर मंडळी धसका घेतात आणि कॅन्टीनमध्ये बोललात तर कोणी ऐकत नाही.

साप्ताहिक सुट्टीनंतरचा दिवस टाळा. त्या दिवशी मशीन गरम होईपर्यंत माप हलतं, फर्स्ट पीस पास करून घ्यायची घाई असते, सगळ्यांचं लक्ष तिकडे. बुध-गुरुवार बरा.

मॅनेजरने आधी दोन वाक्यांत जाहीर करावं आणि मग निघून जावं. हे त्यांना आदल्या दिवशी विनंती करून सांगा. साहेब मागे हाताची घडी घालून उभे असले की तुमचं प्रत्येक वाक्य त्यांनी पढवल्यासारखं वाटतं. शक्य असेल तर बढतीची नोटीस आदल्या दिवशीच बोर्डवर लागू द्या, म्हणजे कुजबुज आधीच होऊन जाते.

3. त्याआधी कोणाला वेगळं भेटायचं का?

हो, तिघांना. ज्याने तुम्हाला काम शिकवलं तो, ज्याला हीच जागा हवी होती तो, आणि तुमचा सगळ्यात जवळचा दोस्त. यांना ही बातमी घोळक्यात कळू देऊ नका.

शिकवणाऱ्याला विचारा, ‘सगळ्यांसमोर तुमचं नाव घेतलं तर चालेल ना?’ काहींना आवडतं, काहींना अवघडल्यासारखं होतं. दोस्ताला अवघड वाक्य आधीच सांगा: पहिली रजा नाकारायची वेळ तुझ्यावरच येऊ शकते आणि सगळे तेच बघत असतील. माझ्या दोस्ताने यावर शिवी दिली होती, पण नंतर तिसऱ्याच दिवशी तशी वेळ आली तेव्हा त्याला आश्चर्य वाटलं नाही. जागा हुकलेल्या माणसाचं प्रकरण मोठं आहे, ते प्रश्न 9 मध्ये.

4. नेमकं काय बोलू? एखादा नमुना द्याल का?

हा घ्या. सावकाश बोललं तरी चार मिनिटं पुरतात. तपशील तुमचे घाला.

‘नमस्कार. सगळे आलेत ना? पाचच मिनिटं घेतो, मग मशीन चालू करू.

माझं नाव सांगत नाही. माझ्या डब्यात मंगळवारी कोणती भाजी असते, तेसुद्धा तुम्हाला माहीत आहे. कालपर्यंत मी चार नंबरच्या लेथवर होतो. आजपासून या लाईनची जबाबदारी माझ्यावर आहे. मला ते जेवढं नवीन आहे, तेवढंच तुम्हालाही असणार. बोअर गेज कसा धरायचा ते मला इथे काकांनी शिकवलं आणि तेव्हा मी पाडलेले जॉब तुम्ही सगळ्यांनी मिळून रिवर्क केलेत. ते माझ्या लक्षात आहे.

आता बदललं काय ते सांगतो. रजा, गेटपास आणि ओटी, यांवर सही माझी असेल. रजा दोन दिवस आधी सांगा. अचानक अडचण आली तर पाळी सुरू व्हायच्या आधी मला स्वतः फोन करा, दुसऱ्याच्या हाती निरोप नको. ओटीची यादी बोर्डवर लागेल आणि क्रमाने फिरेल. दोस्त आहे म्हणून कोणाचं नाव वर जाणार नाही, आणि माझं कोणाशी कधी वाजलं होतं म्हणून कोणाचं खाली जाणार नाही.

दोन गोष्टींत मी ऐकणार नाही. दर पाचव्या जॉबचं रीडिंग मोजूनच भरायचं. आणि दरवाजाचा इंटरलॉक बायपास करून मशीन चालवायचं नाही. आपण न मोजता भरतही आलोय आणि बायपासही करत आलोय, मीही केलंय. ते चुकीचं होतं. आजपासून बंद.

आजवर आपण चहाला उभे राहून जे बोललो, ते मी वर नेणार नाही. पण यापुढे सेफ्टीची किंवा खराब मालाची गोष्ट माझ्या कानावर आली, तर ती मला दाबता येणार नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

प्लॅनिंगचं शीट मला अजून नीट जमत नाही, शिकतोय. माझी चूक दिसली तर बाजूला घेऊन सांगा. सहा नंबरचं कूलंट पंधरा दिवस गळतंय. आज मेंटेनन्सशी बोलतो आणि पाळी सुटायच्या आधी काय झालं ते सांगतो. कोणाला काही विचारायचंय? ... चला, आपापल्या मशीनवर.’

शेवटची कूलंटची गोष्ट नुसती तोंडी लावायला नाही. त्या दिवशी त्यांना तपासून बघता येईल असं एकच वचन तुम्ही देताय. म्हणून ते लहान असू द्या आणि तुमच्या हातातलं असू द्या. बोनस, पगारवाढ, परमनंट करून घेणं, यांचा उल्लेखही नको. काम झालं नाही तरी तीन वाजता जाऊन ‘पंप उद्या येतोय’ एवढं सांगायला विसरू नका.

5. नमुन्यात कुठे ‘मी’ आहे, कुठे ‘आपण’. ते मुद्दाम आहे का?

मुद्दाम आहे. माझ्या मते अर्धं काम तिथेच होतं.

आपल्या भाषेत ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा त्यात येतो आणि ‘आम्ही’ म्हटलं की तो बाहेर राहतो. बोलणाऱ्याला हे कळतही नाही, ऐकणाऱ्याला मात्र लगेच कळतं. माझ्यानंतर दोन वर्षांनी बढती मिळालेला एक मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला, ‘आम्ही असं ठरवलंय की यापुढे ओटी क्रमाने.’ निर्णय चांगला होता, लोकांना हवाही होता. पण चहाच्या वेळी सगळ्यांच्या तोंडी एकच, ‘आम्ही म्हणजे कोण रे? काल संध्याकाळपर्यंत तर आपल्यात होता!’ ‘आम्ही’ म्हणजे तो आणि वरचे साहेब, असा अर्थ लागला. त्याने बिचाऱ्याने नम्रपणा म्हणून ‘मी’ टाळला होता.

म्हणून मी असं सांगतो. काम, लाईन, जुन्या आठवणी आणि जुन्या चुका यांना ‘आपण’. सही, नकार, नियम आणि त्यांचा वाईटपणा यांना ‘मी’. ‘आम्ही’ त्या पाच मिनिटांत येऊच देऊ नका. ‘वरून आलंय’ हेसुद्धा त्याचंच भावंड आहे. निर्णय खरंच वरचा असेल तर तसं सांगा, पण पुढचं वाक्य ‘आणि तो इथे मी लावणार आहे’ असंच हवं. नाहीतर तुम्ही नुसते निरोप्या ठरता, आणि निरोप्याकडे रजा मागायला कोण येतो?

‘आपण’ची उलटी चूकही होते. ‘आपण रीडिंग मोजून भरूया’ ऐकायला गोड आहे, पण रीडिंग भरणार ऑपरेटर, तुम्ही नाही. जे काम एकट्या समोरच्याने करायचं आहे, तिथे ‘करूया’ खोटं वाटतं. ‘भरायचं’ म्हणा, नाहीतर ‘भरा’.

6. आजवर सगळ्यांशी अरे-तुरे होतं. आता अहो-जाहो करायचं का? आणि त्यांनी मला काय म्हणावं?

एकेकट्याशी बोलताना काहीच बदलू नका. काल ‘तू’ होता तो आज ‘तुम्ही’ झाला, तर तुम्ही मान दिलात असं त्याला वाटत नाही, तोडलं असं वाटतं. वयाने मोठ्यांना काका, दादा, अण्णा जे म्हणत होतात तेच राहू द्या. सगळ्यांसमोर बोलताना आपसूक ‘तुम्ही’ येतंच, कारण समोर अनेक जण असतात.

एक छोटा बदल मात्र करा. बाहेरच्या माणसासमोर, म्हणजे कस्टमरचा ऑडिटर, क्वालिटीवाले किंवा मॅनेजर उभे असताना, समवयस्क ऑपरेटरलाही अहो-जाहो करा. त्याला ते बरोबर समजतं, तिथे तुम्ही त्याचा मान राखताय.

तुम्हाला ‘साहेब’ म्हणतील, पहिला आठवडा थट्टेने. ‘अरे साहेब काय म्हणतोस’ असं दर वेळी म्हणत बसू नका, त्याने थट्टा लांबते. ओ द्या आणि कामाचं बोला. टोपणनाव चहाला चालेल, रजेच्या अर्जावर चालणार नाही, एवढी रेघ पुरते. ‘मला आता सर म्हणा’ असं सांगणारा एक जण मी पाहिलाय. त्याला वर्षभर ‘सर’ म्हणत होते आणि कसं म्हणत होते ते ऐकण्यासारखं होतं.

7. मीही वर्षानुवर्षं न मोजता रीडिंग भरलीत. आता कोणत्या तोंडाने सांगू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि यात मी स्वतः तोंडावर आपटलोय.

माझ्या पहिल्या भाषणात हा विषयच नव्हता. लाज वाटली. म्हटलं, हळूहळू सांगू. पाचव्या दिवशी बुशची एक लॉट इन्स्पेक्शनला अडकली. बोअर 25 मिलिमीटर, मुभा शून्यापासून वर 21 मायक्रॉन. ऑपरेटरच्या शीटवर पाळीभर 25.010, 25.011, 25.010, 25.010. बघताक्षणी कळलं, कारण मीही तसंच भरायचो. बोअरिंगचा इन्सर्ट झिजत जातो तसा बोअर हळूहळू लहान होतो. खरी रीडिंग खाली सरकत जातात, मग ऑफसेट दिला की उडी मारून वर येतात. पाळीभर एकाच जागी उभी असलेली रीडिंग आणि ऑफसेटची एकही नोंद नाही, म्हणजे गेज डब्यातून निघालाच नव्हता. शेवटचे जॉब शून्याच्या खाली गेले होते. तेवढं बरं की बोअर लहान होता, मोठा नव्हता. पुन्हा मारून बरेचसे वाचले. पण अख्खी लॉट हाताने मोजावी लागली.

मी त्याला बोलायला गेलो. तो शांतपणे म्हणाला, ‘तूच शिकवलंस ना मला असं भरायला?’ आजूबाजूला चार जण होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून नमुन्यात ‘मीही केलंय’ आहे. ते तुम्ही पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर बोललात की नंतर कोणी तुमच्या तोंडावर फेकू शकत नाही. तीन भाग एका दमात हवेत: केलं होतं, चुकीचं होतं, आजपासून बंद. पहिलाच भाग बोललात तर लोकांना वाटतं तुम्ही डोळा मारताय. शेवटचाच बोललात तर माझं झालं तसं होतं. आणि कोणकोण करायचं, किती वर्षं, कोणत्या कस्टमरचा माल, हे तिथे काढू नका. ती पाच मिनिटं कबुलीजबाब द्यायला नाहीत.

आणखी एक. लोक रीडिंग आळसाने भरत नाहीत असं नाही, पण बऱ्याचदा लाईनवर तिघांत एकच गेज असतो आणि तो शोधायला मशीन थांबवावं लागतं. हे तुम्हाला मॅनेजरपेक्षा चांगलं माहीत आहे. दुसरा गेज मागायचं काम भाषणाच्या आधीच सुरू करा.

8. मी बोलत असताना कोणी टोमणा मारला तर?

मारणारच. पहिल्यावर हसा, खरंच हसू आलं तर मोठ्याने. दुसऱ्यावर थांबा, त्याच्याकडे बघा आणि म्हणा, ‘हे जेवणाच्या सुट्टीत बोलू, मला दोन मिनिटं संपवू दे.’ आणि सुट्टीत खरंच त्याच्या शेजारी जाऊन बसा. तिथेच सुनवायला गेलात तर त्या दिवसाचं भाषण तेवढंच लक्षात राहील.

9. याच जागेसाठी माझ्यापेक्षा सीनियर माणसाने मुलाखत दिली होती. तो समोर उभा असेल.

त्याला आदल्या दिवशी भेटा (प्रश्न 3), शक्यतो कंपनीबाहेर, आणि सांत्वन करू नका. ‘खरं तर तुलाच मिळायला हवी होती’ हे वाक्य दोघांनाही पुढे नडतं. तुम्ही तसं मानत असाल तर ती जागा घेतलीत कशाला, आणि मानत नसाल तर खोटं का बोलताय? त्याऐवजी सरळ सांगा: ‘तुला वाईट वाटलं असणार. मला तुझ्याबरोबर काम करायचंय. सेटिंगमध्ये तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, नवीन जॉबचं पहिलं सेटिंग तूच कर असं माझ्या मनात आहे. चालेल का?’ त्याने ‘नाही’ म्हटलं तर ‘नाही’ घ्या.

सगळ्यांसमोर त्याची स्तुती करू नका. प्रत्येकाला आतली गोष्ट माहीत असते, त्यामुळे स्तुती भीक घातल्यासारखी वाटते. त्याला सेटिंगचं काम दिलं असेल तर तेवढंच सांगा, ‘नवीन जॉबचं सेटिंग हे बघतील’, आणि पुढे चला.

10. भाषणात ‘सांभाळून घ्या’ म्हणायचं ना? सगळे म्हणतात.

मी म्हणू नका म्हणतो. सत्काराला, लग्नाला ठीक आहे. इथे त्याचा अर्थ होतो, तुमचा अधिकार त्यांच्या मेहेरबानीवर चालणार. महिन्याने रजा नाकारलीत की ‘आम्ही तुला सांभाळून घेतलं, तू काय केलंस?’ हे ऐकावं लागतं. ‘चूक दिसली तर बाजूला घेऊन सांगा’ यात नम्रपणा तेवढाच आहे आणि उसनवारी नाही.

हे मुलींना जास्त लागू आहे. अप्रेंटिस म्हणून आलेली आणि आता त्याच पुरुषांच्या लाईनची सुपरवायझर झालेली एक जण विचारत होती की ‘ताई’ चालू ठेवू की ‘मॅडम’ म्हणायला लावू. ताई चांगलं आहे, त्यात जवळीकही आहे आणि मानही. ‘बेटा’ म्हणणाऱ्या काकांना एकटं गाठून म्हणायचं, ‘काका, घरी बेटाच म्हणा, लाईनवर ताई म्हणा.’ ती तसं म्हणाली आणि काकाच इतरांना टोकायला लागले.

11. अर्धी लाईन कंत्राटी आहे, बरेच जण बिहार-ओडिशाकडचे. कोणत्या भाषेत बोलू?

सगळ्यांना समजेल त्या भाषेत, आणि सगळंच त्या भाषेत. बहुतेक जण काय करतात, डब्याच्या भाजीचा विनोद आणि काकांची आठवण मराठीत, आणि मग ‘सुनो, रीडिंग नाप के भरना है’ हिंदीत. म्हणजे अर्ध्या लोकांच्या वाट्याला माया आली आणि उरलेल्यांच्या वाट्याला नुसता नियम. हिंदीत बोलणार असाल तर विनोदही हिंदीत करा, फसला तरी चालेल. आणि हिंदीत नुसतं ‘हम’ म्हटलं की ऐकणारा आत की बाहेर ते कळत नाही, म्हणून ‘हम सब’ म्हणा. प्रश्न 5 मधली भानगड तिथेही आहेच.

दुसरी गोष्ट, कंत्राटी कामगारांची हजेरी, पगार आणि रजा ठेकेदाराकडे असते. ‘रजेवर सही माझी’ हे वाक्य त्यांच्यापुरतं खोटं ठरू शकतं. कंपनीत नक्की काय पद्धत आहे ते आधी एचआरला विचारा आणि तसंच सांगा: ‘तुमची रजा ठेकेदार देणार, पण लाईन अडू नये म्हणून मलाही कळवा.’ पाणी, सेफ्टी शूज, हातमोजे, बसायची जागा, हे मात्र तुमच्या हातात असतं. ते सगळ्यांना सारखं मिळेल, हे बोलून टाका.

12. पेढे, पार्टी, वॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि भिशी यांचं काय?

पेढे भाषणानंतर, चहाच्या वेळी, सगळ्या पाळ्यांना पुरतील एवढे. भाषणात वाटले तर तोंडात पेढा असताना कोण ऐकणार? पार्टी मागतील. एकदा द्या आणि ज्यांना पिण्यात रस नाही त्यांनाही येता येईल अशी द्या.

जुन्या ग्रुपमधून तुम्ही स्वतः निघा, एक ओळ लिहून: ‘मी इथून निघतो, म्हणजे तुम्हाला मोकळेपणाने बोलता येईल. कामासाठी वेगळा ग्रुप करतो.’ न सांगता निघालात तर रुसल्यासारखं दिसतं. थांबलात तर तुमच्याशिवाय दुसरा ग्रुप निघतोच.

भिशीत सभासद राहायला हरकत नाही, पण पैसे तुमच्याकडे जमा होत असतील तर वही आणि रक्कम बढतीच्या आधी दुसऱ्याकडे द्या. हप्ता थकवलेल्या माणसाची रजा तुम्ही नाकारलीत की गोष्ट कुठे जाईल ते सांगायला नको. उसने पैसेही तसेच: घेतलेले असतील तर आधी फेडा, दिलेले असतील तर तारीख ठरवून घ्या. हे सगळं भाषणात बोलायचं नाही, आधी उरकायचं.

13. ऑर्डर हातात नाही, फक्त ‘चार्ज’ दिलाय. तरी हे सगळं बोलू का?

सगळं नाही. आधी मॅनेजरला तीनच गोष्टी विचारा: रजेवर सही कोणाची, ओटी कोण ठरवणार, आणि सेफ्टीचं काही दिसलं तर मशीन थांबवायचा हक्क मला आहे का. जमल्यास हे मेलवर घ्या. मग तेवढंच बोला जेवढं मिळालंय. ‘ऑर्डर येईपर्यंत लाईनचं काम मी बघणार आहे. रजा आधीसारखीच साहेबांकडे. काम वाटून देणं आणि मशीन थांबवणं माझ्याकडे.’ स्वतःला सुपरवायझर म्हणू नका. दोन महिन्यांनी दुसऱ्याची ऑर्डर निघाली तर तुम्हाला त्याच लोकांत पुन्हा मशीनवर उभं राहायचंय.

14. मी युनियनच्या कमिटीत होतो. त्याबद्दल बोलायचं का?

एक वाक्य बोलावंच लागेल, नाहीतर सगळ्यांच्या मनात तेच राहतं. पण त्याआधी पदाचा निकाल लावा, राजीनामा द्यायचा असेल तर तो देऊन झालेला असू द्या.

कायद्याची बाजू थोडक्यात. नुसतं ‘सुपरवायझर’ नाव मिळाल्याने माणूस कामगाराच्या व्याख्येतून बाहेर जात नाही. तो प्रत्यक्षात देखरेखीचं काम करतो का आणि त्याचा पगार किती, हे दोन्ही बघतात. औद्योगिक विवाद कायदा 1947 मध्ये ही पगाराची मर्यादा महिना 10,000 रुपये होती, औद्योगिक संबंध संहिता 2020 मध्ये ती 18,000 आहे. तुमचं नक्की कुठे बसतं ते ऑर्डर वाचून, जाणकाराला विचारून ठरवा.

लाईनसमोर एवढंच पुरे: ‘कमिटीचं काम मी सोडलंय. करारावर मी इथे कोणत्याच बाजूने बोलणार नाही. कमिटीकडे जायचं असेल तर खुशाल जा, त्याने माझ्याकडे काही बदलणार नाही.’ मागच्या बैठकांत ऐकलेलं काही मॅनेजमेंटच्या कानावर घालायचा मोह झाला, तर तो आवरा. त्या दिवशी तुम्ही बोललेलं सगळंच खोटं पडेल.

15. भाषण जमलं की फसलं, हे कसं कळणार? आणि फसलं तर पुन्हा बोलू का?

त्या दिवशीच्या टाळ्यांवरून कळत नाही. दोन आठवडे तीन गोष्टी बघा. रजा सरळ तुमच्याकडे मागतात, की अजून जुन्या सुपरवायझरला किंवा मॅनेजरला विचारून येतात? इन्सर्ट तुटला, जॉब पडला, हे तुम्हाला लगेच सांगतात, की पाळी सुटल्यावर स्क्रॅपच्या पेटीत सापडतं? आणि रीडिंगच्या शीटवर आकडे खाली-वर हलायला लागले का? (प्रश्न 7)

तुम्ही चहाच्या ठिकाणी गेलात की क्षणभर गप्प होतात, यावरून मात्र काही ठरवू नका. ते होणारच. तुम्हीही मागच्या सुपरवायझरला बघून गप्प व्हायचात.

फसलं असेल तर दुसरं भाषण नको. जे वाक्य चुकलं तेवढंच दुसऱ्या दिवशी पाळीच्या सुरुवातीला दुरुस्त करा: ‘काल मी रजा दोन दिवस आधी म्हणालो, पण एचआरचा नियम एक दिवसाचा आहे. एकच धरा.’ आणि रात्रपाळीच्यांना विसरू नका. पहिल्या दिवशी तुमचं बोलणं त्यांनी ऐकलेलं नसतं, ऐकलेली असते ती दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट. आठवडा संपायच्या आधी एका रात्री पाळी लागताना त्यांच्यासमोर उभे राहा आणि तेच सगळं, काही न गाळता, पुन्हा सांगा. पेढेही त्यांच्यासाठी वेगळे ठेवलेले असू द्या, दुपारचे उरलेले नकोत.